दोन फोन, एक केबल: चार्ज कोण देणार आणि कोण घेणार?

दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल घ्या. एक टोक ८० टक्के चार्ज असलेल्या फोनला लावा, दुसरं ३ टक्क्यांवर आलेल्या फोनला. भरलेला फोन रिकाम्याला देईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं: मरायला टेकलेला फोनच भरलेल्या फोनला चार्ज करू लागतो. फोन बिघडलेला नसतो, केबलही खोटी नसते. चार्ज कोणी द्यायचा हे ठरवताना यूएसबी-सी पोर्ट बॅटरीचे टक्के बघतच नाही. तो काय बघतो हे एकदा कळलं की हवी ती दिशा स्वतः ठरवता येते आणि ओटीजी अडॅप्टरचा खरा उपयोगही लक्षात येतो.

आधी जुन्या केबलीचं थोडं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण उत्तर केबलच्या आकारातच असायचं. रुंद चपटं टोक, म्हणजे टाईप-ए, चार्जरला किंवा कॉम्प्युटरला. बारीक मायक्रो टोक फोनला. रुंद बाजूने द्यायचं, बारीक बाजूने घ्यायचं. फोनसारख्या छोट्या वस्तूंनाच दुसऱ्या वस्तू जोडता याव्यात म्हणून २००१ मध्येच यूएसबीच्या नियमांत ओटीजीची जोड आली होती. मायक्रो टोकात चारऐवजी पाच पिना असतात. साध्या केबलमध्ये पाचवी पिन मोकळी सोडलेली असते; ओटीजी केबलमध्ये ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडलेली असते. पाचवी पिन ग्राउंडला लागलेली दिसली की फोन समजतो, ‘आता मी मालक. समोरच्याला ५ व्होल्ट मी द्यायचे आणि त्याच्यातल्या फाइलीही मीच वाचायच्या.’ म्हणजे निर्णय केबलमधली एक जोडणी घ्यायची आणि फोन तो पाळायचा.

२०१४ मध्ये टाईप-सीचे नियम आले आणि दोन्ही टोकं सारखी झाली. आता नुसत्या आकारावरून काही कळत नाही. त्यामुळे पोर्टांना आपसांत ठरवावं लागतं.

पोर्ट नेमकं काय बघतो

टाईप-सी पोर्टच्या आत सीसी नावाच्या दोन पिना असतात, वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत एक. केबल सुलट घाला की उलट, केबलमधली सीसीची तार त्यातल्या एकीला लागते. सगळी ठरवाठरवी या एका तारेवर होते.

ज्याला वीज घ्यायची आहे तो पोर्ट आपल्या सीसी पिनेला ५.१ किलो-ओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडकडे खेचून ठेवतो. ज्याला वीज द्यायची आहे तो आपली सीसी पिन दुसऱ्या एका रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजकडे खेचून ठेवतो. केबल लागली की एकाचा वर खेचणारा आणि दुसऱ्याचा खाली खेचणारा रेझिस्टर समोरासमोर येतात आणि तारेवर मधलं कुठलं तरी व्होल्टेज दिसू लागतं. देणाऱ्याला त्यावरून कळतं की समोर घेणारा आहे. मगच तो मुख्य तारेवर ५ व्होल्ट सोडतो. तोवर टाईप-सी चार्जरच्या तोंडाशी चार्जिंगची वीज नसतेच. टाईप-सी चार्जरच्या मोकळ्या केबलला मीटर लावून बघणाऱ्याला म्हणूनच वाटतं की चार्जर मेला आहे.

वर खेचणाऱ्या रेझिस्टरची किंमत आणखी एक गोष्ट सांगते: मी किती ॲम्पिअर देऊ शकतो. साधा यूएसबी करंट, दीड ॲम्पिअर आणि तीन ॲम्पिअर असे तीन इशारे ठरलेले आहेत. घेणारा त्या इशाऱ्याच्या आत राहून खेचतो.

चार्जर फक्त देणारा आणि साधा इअरबडचा डबा फक्त घेणारा, त्यामुळे त्यांच्यात घोळ होत नाही. घोळ फोनचा आहे, कारण फोन दोन्ही करू शकतो. काहीच जोडलेलं नसताना असा पोर्ट सतत वेष बदलत असतो: क्षणभर घेणाऱ्याचा रेझिस्टर दाखवतो, क्षणभर देणाऱ्याचा. एक पूर्ण फेरी ५० ते १०० मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला दहा-वीस वेळा. समोर चार्जर असेल तर फोन घेणाऱ्याच्या वेषात असताना जोडी जुळते आणि तो तिथेच थांबतो. समोर पेन ड्राइव्ह असेल तर देणाऱ्याच्या वेषात असताना जुळते.

समोरही फोनच असेल तर? अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं दोघंही डावीकडे सरकतात, मग दोघंही उजवीकडे, आणि कधीतरी एक डावीकडे असताना दुसरा उजवीकडे सापडतो. तसंच इथे होतं. दोन्ही फोन एकाच वेषात असले की काही जुळत नाही, विरुद्ध वेषात सापडले की जुळतं. त्या क्षणी ज्याच्या अंगावर देणाऱ्याचा वेष, तो देतो. बॅटरीचे टक्के या खेळात कुठेच आले नाहीत. जवळजवळ नाणेफेकच ती. काही फोनांत मात्र कल ठरवलेला असतो. ते जुळणी झाल्यावरही एकदा ‘मला घेणारा होऊ दे’ असा प्रयत्न करून बघतात. असा फोन आणि तसा कल नसलेला फोन जोडला, तर दर वेळी तोच एक घेताना दिसेल.

‘केबल उलटी करून लाव, म्हणजे दिशा बदलते,’ असा सल्ला पुष्कळ जण देतात आणि तो कधीकधी लागूही पडतो. पण केबल उलटी केल्याने काही होत नाही. काढून पुन्हा लावल्याने नाणेफेक नव्याने होते, एवढंच. न उलटवता काढून लावली तरी तेवढीच शक्यता असते.

आयफोनचा अपवाद इथेच सांगतो. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, त्याला टाईप-सी पोर्ट आला. असे दोन आयफोन जोडले तर ते केबलवरून एकमेकांशी बोलून ज्याची बॅटरी कमी आहे त्याला चार्ज करतात. हे पहिल्या जुळणीनंतरचं बोलणं आहे, आणि तेही त्याच सीसी तारेवर होतं. त्याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

नाशिक रोड स्टेशनवरचं एक गणित

सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायला मावशी आणि भाचा नाशिक रोडला उभे आहेत. तिकीट मावशीच्या फोनमध्ये, आणि फोनवर ३ टक्के. भाच्याच्या फोनवर ६४ टक्के. पॉवर बँक घरी राहिली आहे. भाच्याच्या बॅगेत टाईप-सी ते टाईप-सी केबल आहे. दोन्ही फोन अँड्रॉइडचे.

“मावशी, तुझा फोन दे, दोन मिनिटांत बघतो,” म्हणून त्याने केबल लावली. आता सगळ्यात आधी काय करायचं, तर दोन्ही पडदे बघायचे. फक्त विजेच्या खुणेवर जाऊ नका, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढा. घेणाऱ्या फोनवर `Charging this device via USB` असं दिसतं, देणाऱ्यावर `Charging connected device via USB`. फोन मराठीत असेल तर याच अर्थाचं मराठी वाक्य येईल, आणि काही कंपन्या शब्द थोडे बदलतात. समजा मावशीच्या फोनवर दुसरं वाक्य आलं. म्हणजे तिचे उरलेले ३ टक्के भाच्याच्या फोनमध्ये चालले आहेत. अशा वेळी वाट बघत बसण्यात अर्थ नाही, एकेक टक्का मोलाचा आहे.

दिशा बदलायचे टप्पे असे:

१. भाच्याच्या, म्हणजे ज्याने द्यायचं आहे त्याच्या फोनवरच्या त्या नोटिफिकेशनला दाबा. नोटिफिकेशन सापडत नसेल तर सेटिंग्जमध्ये `Connected devices` आणि त्यात `USB` असा रस्ता आहे. तिथे नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत USB लिहून बघा. तिथे सहसा सापडतंच.

२. उघडलेल्या पानावर `Charge connected device` असा पर्याय दिसेल. तो चालू करा. आता भाच्याचा फोन सीसी तारेवरून मावशीच्या फोनला विचारतो, ‘आपण भूमिका बदलूया का?’ तो हो म्हणाला तर मुख्य तारेवरचे ५ व्होल्ट क्षणभर जातात आणि उलट्या बाजूने परत येतात.

३. पुन्हा दोन्ही पडदे बघा. वाक्यांची अदलाबदल झाली असेल तर काम झालं.

४. पर्याय फिका असेल, दाबला जात नसेल किंवा दाबूनही दिशा बदलत नसेल, तर दोघांपैकी एका फोनला ही अदलाबदल येत नाही. तिथे वेळ घालवू नका. केबल काढा, दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा लावा, पुन्हा बघा. नाणेफेक आहे, दोन-चार वेळा लावल्यावर बहुधा हवी ती बाजू पडते.

५. एकच बाजू सारखी पडत असेल तर भाच्याच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये OTG शोधा. ओप्पो, विवो, रियलमी, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनांत `OTG connection` नावाचं वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर फोन देणाऱ्याचा वेष घेतच नाही, फक्त घेतो. ज्याने द्यायचं त्याच्यात हे बटण चालू हवं, आणि ज्याने घ्यायचं त्याच्यात असं बटण असेल तर ते बंद करून टाका. दोन्ही फोनांत ही सोय असेल तर नाणेफेकच उरत नाही, दिशा पक्की होते. मला तर हे बटण गैरसोयीपेक्षा सोयच वाटतं. फक्त लक्षात ठेवायचं की काही वेळ, बहुधा १० मिनिटं, काही जोडलं नाही तर ते आपोआप बंद होतं.

दिशा सरळ झाली. आता गाडी येईपर्यंतच्या वीस मिनिटांत मावशीला किती मिळेल?

हल्लीच्या साध्या फोनची बॅटरी ५००० मिलिॲम्पिअर-तासांची, सुमारे ३.८५ व्होल्टची. म्हणजे तिच्यात साधारण १९ वॉट-तास मावतात. फोन दुसऱ्याला देताना ५ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर देत असेल तर ते अडीच वॉट झाले. तासभरात अडीच वॉट-तास तारेतून जातात. घेणाऱ्या फोनमध्ये त्यातला थोडा भाग उष्णतेत जातो आणि बॅटरीत दोन-सव्वादोन वॉट-तास पोचतात, म्हणजे तासाला ११ टक्क्यांच्या आसपास. देणाऱ्याच्या बाजूलाही नुकसान होतंच, कारण बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट करावं लागतं. भाच्याचे तासाला १५ टक्के जातात असं धरा. म्हणजे वीस मिनिटांत मावशीला साडेतीन-चार टक्के मिळाले आणि भाच्याचे पाच गेले. ३ चे ६-७ टक्के झाले. तिकीट दाखवायला, एखादा ओटीपी घ्यायला पुरे. दादरला उतरून तासभर बोलायला नाही.

या गणितात एक अट लपलेली आहे. मावशीचा फोन त्या वीस मिनिटांत वापरात नसला पाहिजे. पडदा लख्ख चालू, मोबाइल डेटा चालू आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ चालू असेल तर फोन एकदीड वॉट किंवा जास्तही स्वतःच खातो. मग चार्जिंगची खूण दिसत राहते आणि टक्के तिथल्या तिथे. त्यामुळे फ्लाइट मोड लावा, पडदा बंद ठेवा. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून तो भाच्याच्या फोनवर पाठवून ठेवणं हे आणखी शहाणपणाचं, पण ते केबलच्या आधी करायचं.

काही जोड्या अर्ध्या ॲम्पिअरपेक्षा जास्त देतात. आयफोन १५ दुसऱ्याला ४.५ वॉटपर्यंत देतो. पण ‘माझ्या फोनला ६७ वॉटचं फास्ट चार्जिंग आहे’ याचा इथे काही संबंध नाही. तो आकडा फोन किती घेऊ शकतो याचा आहे, किती देऊ शकतो याचा नाही.

दिशा पक्की हवी असेल तर: ओटीजी अडॅप्टर

नाणेफेक, सेटिंग्ज, बटणं यांत पडायचं नसेल तर एक छोटा तुकडा बॅगेत ठेवा. एम.जी. रोडवरच्या कुठल्याही मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात “टाईप-सीचा ओटीजी द्या” म्हटलं की मिळतो. एका बाजूला फोनमध्ये जाणारं टाईप-सी टोक, दुसऱ्या बाजूला पेन ड्राइव्ह आत जाईल असं रुंद टाईप-एचं तोंड.

लोक हा फक्त पेन ड्राइव्हसाठी घेतात. पण त्याच्या पोटात एकच महत्त्वाची गोष्ट आहे: सीसी पिनेला लावलेला ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर. म्हणजे हा अडॅप्टर फोनला कायम सांगत असतो, ‘इकडे घेणारा आहे.’ ज्या फोनला तो लावला तो देणारा होतो. आता त्या तोंडात आपली रोजची चार्जिंगची केबल घाला, एका बाजूला टाईप-ए आणि दुसऱ्या बाजूला टाईप-सी असलेली. त्या केबलच्या सी टोकात ५६ किलो-ओहमचा वर खेचणारा रेझिस्टर बसवलेला असतो. तो सांगतो, ‘इकडे देणारा आहे.’ ज्या फोनला ते टोक लावलं तो घेणारा होतो.

झालं. अडॅप्टर ज्याला लागला तो देणार, केबलचं टोक ज्याला लागलं तो घेणार. दर वेळी हेच, कुठल्याही जोडीत, जोवर देणाऱ्या फोनला ओटीजी येतं आणि त्याचं बटण चालू आहे. इथे दोन्ही फोनांच्या सीसी तारा एकमेकींना जोडलेल्याच नसतात, त्यामुळे नंतर बोलून भूमिका बदलायचीही सोय उरत नाही. दिशा बदलायची तर अडॅप्टर काढून दुसऱ्या फोनला लावायचा. ५६ किलो-ओहमचा अर्थ ‘साधाच करंट’ असा असल्याने चार्जिंग संथ होतं, वरच्या गणितातलं अर्धा ॲम्पिअर बहुधा याच जोडणीला लागू पडतं. तरी अडीअडचणीला मी याच मार्गाला पहिली पसंती देईन, कारण यात अंदाज करावा लागत नाही.

घरात एखादा जुना मायक्रो पोर्टचा फोन असेल तर त्याच्यासाठी एका बाजूला टाईप-सी, दुसऱ्या बाजूला मायक्रो अशी केबल मिळते. नीट बनवलेल्या केबलच्या सी टोकात तोच ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून नवा फोन देतो आणि जुना घेतो.

एक वस्तू मात्र दुकानदाराने पुढे केली तरी घेऊ नका: उलटा अडॅप्टर, ज्याला चार्जरमध्ये जाणारं टाईप-ए टोक आहे आणि दुसऱ्या बाजूला टाईप-सीचं तोंड. यूएसबीच्या नियमांत या अडॅप्टरला जागा नाही. असे दोन तुकडे एका सी ते सी केबलच्या दोन टोकांना लागले की ए ते ए केबल तयार होते. मग दोन चार्जर किंवा चार्जर आणि लॅपटॉप असे दोन देणारे, ५ व्होल्ट आधीच चालू असलेले, एकमेकांसमोर उभे राहतात. सीसीची सगळी सावधगिरी तिथे वाया जाते.

वर सांगितलेली ५६ किलो-ओहमची गोष्टही क्षुल्लक नाही. २०१५ मध्ये गुगलचे अभियंते बेन्सन ल्युंग यांनी बाजारातल्या ए ते सी केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. बऱ्याच केबलींत ५६ ऐवजी १० किलो-ओहमचा रेझिस्टर निघाला. १० चा अर्थ होतो ‘३ ॲम्पिअर बिनधास्त घे’, मग मागे चार्जर कितीही दुबळा असो. बिचारा फोन केबलवर विश्वास ठेवून खेचणार आणि जुना चार्जर किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट तापणार. अगदी स्वस्तातली केबल घेताना हे डोक्यात ठेवावं.

फोटो हलवायचे असतील तेव्हा

वीज कोण देतो आणि फाइली कोण वाचतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरुवातीला मात्र त्यांची गाठ बांधलेली असते: जो वीज देतो तोच मालक, तोच समोरच्याच्या फाइली वाचतो. म्हणून ओटीजी अडॅप्टर ज्या फोनला, त्याच्या पडद्यावर दुसऱ्या फोनच्या फाइली दिसतात.

जुन्या फोनमधले फोटो नव्यात घ्यायचे असतील तर नवा फोन मालक करा. त्याला अडॅप्टर लावा, केबलचं टोक जुन्याला. मग जुन्या फोनचं लॉक उघडून त्याच्यावर आलेल्या यूएसबी नोटिफिकेशनला दाबा आणि `File transfer` निवडा. ही पायरी हमखास राहून जाते. ती केली नाही तर नव्या फोनला समोर काहीतरी आहे एवढंच कळतं, आतलं काही दिसत नाही. नंतर नव्या फोनच्या फाइल्स ॲपमध्ये जुन्या फोनचं नाव येतं. कॅमेऱ्याचे फोटो `DCIM` नावाच्या फोल्डरमध्ये असतात; ते निवडून कॉपी करा. चार-पाच हजार फोटो एकदम निवडू नका, शे-दोनशेच्या गठ्ठ्यांनी घ्या. या पद्धतीत मोठी यादी उघडायला वेळ लागतो आणि मध्येच तुटलं तर कुठपर्यंत आलं ते कळत नाही.

सी ते सी केबलने जोडलं असेल तर त्याच यूएसबीच्या पानावर `USB controlled by` असा भाग दिसतो, खाली `This device` आणि `Connected device`. मालकी इथून बदलते. दोन्ही फोनांना पॉवर डिलिव्हरी येत असेल तर इथे खरी गंमत दिसते: वीज एक देतो आणि फाइली दुसरा वाचतो, म्हणजे सुरुवातीची गाठ सुटते. येत नसेल तर `Couldn’t switch` असं म्हणून फोन हात वर करतो.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत इतकं काही नाही. अडॅप्टर लावा, ड्राइव्ह घाला, फाइल्स ॲप उघडा, काढायच्या आधी नोटिफिकेशनमधून `Eject` करा. फोन ‘ड्राइव्ह चालत नाही’ म्हणाला तर ती कॉम्प्युटरवर वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. FAT32 सगळीकडे चालतं, पण त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. फोनने स्वतःच फॉरमॅट करू का विचारलं तर हो म्हणायच्या आधी थांबा; आतलं सगळं पुसलं जाईल.

चालत नाही, तेव्हा काय बघायचं

केबल लावली आणि दोन्ही पडद्यांवर काहीच आलं नाही तर आधी ती केबल भिंतीतल्या चार्जरवर लावून बघा. तिथेही काही नसेल तर केबल गेली. तिथे चार्ज होत असेल पण फोन ते फोन फाइली दिसत नसतील, तर ती नुसती चार्जिंगची केबल आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. दुकानात ‘डेटा केबल’ असं सांगून मागा. दोन्ही ठीक असेल तर फोनच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातली कापसाची पूड तळाशी दाबून बसते, टोक पूर्ण आत जात नाही आणि सीसी पिन टेकत नाही. केबल थोडी हलवली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद, हे त्याचं लक्षण. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा पिन घालू नका.

पावसात गंगापूर रोडवरून दुचाकीवर भिजत आल्यावर फोन पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना देत असेल तर चार्जिंग आणि ओटीजी दोन्ही थांबतात. तेव्हा केबल काढून फोन पोर्टची बाजू खाली करून वाळू द्या. फुंकर मारू नका, ओल आणखी आत जाते.

पोर्टेबल हार्ड डिस्क लावल्यावर टिकटिक आवाज येतो, दिवा लागतो-विझतो, फोनवर काही दिसत नाही. इथे फोनची वीज पुरत नाही. आतली तबकडी फिरायला सुरू होताना डिस्क जास्त करंट मागते आणि तेवढा द्यायला फोन तयार नसतो. अशा वेळी स्वतःचा चार्जर लागणारा यूएसबी हब मध्ये घ्यावा लागतो. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, कीबोर्ड, माउस यांना तसं काही लागत नाही.

ओटीजी चालू ठेवून फोन चार्जही व्हावा, अशी दुसरी मागणी असते. हा वीज आणि मालकी वेगळी करण्याचाच प्रकार आहे: फोनने फाइलींचा मालक राहायचं, पण वीज घ्यायची. त्यासाठी पॉवर डिलिव्हरीने बोलणारा हब लागतो. त्याच्या डब्यावर PD लिहिलेलं असतं. ‘ओटीजी प्लस चार्जिंग’ म्हणून मिळणाऱ्या दोन शेपट्यांच्या स्वस्त तुकड्यांत हे बोलणं नसेल तर ते एका फोनवर चालतात, दुसऱ्यावर नाही, आणि दुकानदाराला कारण सांगता येत नाही.

आणि शेवटी तो ट्रिमर, ती टॉर्च, तो छोटा पंखा, ज्याला टाईप-सी पोर्ट आहे पण जो फोनला सी ते सी केबलने जोडल्यावर ढिम्म हलत नाही. नव्या चार्जरला सी ते सी केबलने जोडला तरी नाही. जुन्या रुंद टोकाच्या केबलने मात्र लगेच चार्ज होतो. बनवणाऱ्याने पोर्टच्या आत ५.१ किलो-ओहमचे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. फोन किंवा चार्जर विचारतो, समोरून उत्तर येत नाही, म्हणून तो ५ व्होल्ट सोडत नाही. जुन्या ए ते सी केबलमध्ये चार्जरचे ५ व्होल्ट आधीपासूनच चालू असतात, त्यांना कोणाच्या उत्तराची गरज पडत नाही. अशा वस्तूला फोनवरून चार्ज करायचं तर तोच ओटीजी अडॅप्टर आणि तीच ए ते सी केबल लावा: फोनला लागणारं उत्तर अडॅप्टर देतो आणि टॉर्च चार्ज होऊ लागते.